अजिंठा लेणी बघायला जाताय? गर्दी, तिकीट, सोयी आणि स्वच्छतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अजिंठ्याला मी आजवर पाच वेळा गेले आहे. त्यातल्या शेवटच्या दोन भेटींवरून हे लिहिते आहे. दोन्ही भेटी दिवाळीच्या सुट्टीतल्या, दोन्ही शनिवारच्या. पहिल्या वेळी आम्ही दमून, वैतागून, अर्धी चित्रं न बघताच परतलो. दुसऱ्या वेळी माझी ७२ वर्षांची आई आणि ९ वर्षांची मुलगी सोबत असूनही सगळं शांतपणे बघून झालं. गर्दी दोन्ही वेळा सारखीच होती. फरक पडला तो आम्ही किती वाजता पोहोचलो आणि कुठल्या लेण्यापासून सुरुवात केली, यामुळे. ओळखीचे लोक निघण्याआधी फोन करून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

गर्दी नेमकी कुठे होते?

लेणी तीसेक आहेत आणि वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या कड्यात ओळीने कोरलेली आहेत. त्यामुळे बाहेरच्या वाटेवर माणसं पसरतात आणि तिथे फारशी रेटारेटी जाणवत नाही. माणसं तुंबतात ती चित्रांच्या लेण्यांच्या दारात. ज्या चित्रांसाठी जगभरातून लोक येतात, ती मुख्यतः चार लेण्यांत टिकून आहेत: १, २, १६ आणि १७. या चारही ठिकाणी एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. गर्दीच्या दिवशी दारावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला ४० माणसांचा आकडा सांगितला आणि आत पंधराएक मिनिटं मिळतील असं बजावलं.

आता गंमत बघा, पायऱ्या चढून वर आलं की समोर पहिलं लेणंच येतं. खालून बस भरून जितकी माणसं येतात, ती सगळी चढून तिथेच रांगेला लागतात. एका बसची माणसं आत जाऊन बाहेर येईपर्यंत पुढच्या दोन बस आलेल्या असतात. अकराच्या सुमारास एक नंबरच्या दारात लांबलचक रांग आणि त्याच वेळी १९ नंबरच्या चैत्यात पाच माणसं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आत इतकी मोजून माणसं का सोडतात? पहारेकरी मुद्दाम अडवतात असं वाटतं.

मुद्दाम नाही. चित्रं ज्यावर काढली आहेत ते समजून घेतलं की रांगेत उभं राहायला त्रास वाटत नाही. खडकावर आधी मातीचा गिलावा दिलेला आहे. त्या मातीत वनस्पतींचे तंतू, साळीचा तूस असं मिसळलेलं आहे. त्यावर पातळ चुन्याचा थर, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. बंद गुहेत चाळीस-पन्नास माणसं श्वास सोडतात, घामेजतात, पावसाळ्यात ओले कपडे घालून येतात, तेव्हा हवेतला दमटपणा वाढतो. माती ओल धरते, फुगते, मग लोक गेले की सुकून आकसते. हे रोज घडत राहिलं की गिलावा खडकापासून सुटतो आणि पोपडा पडतो. गिलाव्यातले तंतू हे किड्यांचं खाद्य आहे, ते वेगळंच. वटवाघळांचाही उपद्रव होताच.

दुसऱ्या लेण्याच्या छतावर अशा सुटलेल्या कडा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. फुलापानांच्या नक्षीतून मधेच करडी, उघडी माती. रंगाची कड जिथे संपते तिथे तिची सावली पडलेली दिसते, कारण तो थर तेवढा उचलला गेला आहे. ते पाहिल्यावर माझ्या मुलीने आपणहून आवाज खाली आणला.

मग किती वाजता पोहोचायचं आणि कुठून सुरुवात करायची?

लेणी सकाळी ९ ला उघडतात. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी ८ ला निघालेले लोक साडेदहा-अकराच्या सुमारास येऊन धडकतात, कारण अंतर १०० किलोमीटरच्या आसपास आहे. सहलींच्या बसही त्याच वेळी येतात. त्यामुळे ९ ते साडेदहा हा दिवसातला सोन्यासारखा वेळ, आणि तो ज्यांचा मुक्काम जवळ आहे त्यांनाच मिळतो. फर्दापूर अगदी जवळ आहे, तिथे राहायची सोय होते. जळगाव साधारण ६० किलोमीटरवर आहे.

आमची पहिली, फसलेली भेट अशी: संभाजीनगरहून ठरवलेली खासगी गाडी सातला यायची ती आठनंतर आली. वाटेत चहा-नाश्ता झाला. खासगी गाड्या जिथे थांबतात आणि लेण्यांकडे जाणारी बस सुटते, त्या टी-पॉइंटला पोहोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. बसच्या रांगेत पाऊण तास, तिकीट काढण्यात वीस मिनिटं. सव्वाबाराला एक नंबरच्या रांगेत लागलो ते एक वाजता आत गेलो. दोन नंबरला पुन्हा तेच. तोवर सगळ्यांना भुका लागल्या, जेवायला खाली उतरलो, आणि पुन्हा चढायची ताकद कोणात उरली नाही. १७ नंबर, जिथे सगळ्यात जास्त चित्रं टिकून आहेत, ते पाहिलंच नाही.

दुसऱ्या वेळी फर्दापुरात मुक्काम केला. साडेआठला टी-पॉइंटवर, पावणेनऊला पहिल्यापैकी एका बसमध्ये, आणि सव्वानऊला एक नंबरच्या आत. आमच्यासह बारा-पंधरा माणसं असतील. कोणी घाई केली नाही. दहा वाजता १ आणि २ दोन्ही बघून झाली होती आणि आम्ही सावकाश १६ कडे निघालो. तेव्हा खालून पहिली मोठी लाट चढत होती.

उशीर झालाच तर सुरुवात एक नंबरपासून करू नका. रांग दिसली की सरळ पुढे जा. १६, १७, १९ करून २६ पर्यंत पोहोचा. २६ मधली महापरिनिर्वाणाची मूर्ती, पहुडलेले बुद्ध, सुमारे सात मीटर लांब आहे आणि तिथे सहसा रांग लागत नाही. मग येताना ९ आणि १० ही जुनी चैत्यगृहं बघा आणि १, २ शेवटी, दुपारी साडेतीननंतर घ्या. त्या वेळी सहलींच्या बस परतीला लागलेल्या असतात. संध्याकाळी ५ च्या सुमारास आत सोडणं थांबतं, तेव्हा चारच्या पुढे मात्र रेंगाळू नका.

कुठल्या दिवशी जावं?

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे उलटसुलट लक्षात ठेवून दरवर्षी कितीतरी लोक बंद दारापर्यंत येतात. यातूनच आणखी एक गोष्ट निघते. मंगळवारी वेरूळ बंद म्हणून बाहेरगावचे लोक अजिंठ्याकडे वळतात, त्यामुळे मंगळवार वाटतो तितका मोकळा नसतो. बुधवार आणि गुरुवार मला सगळ्यात बरे वाटतात. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष, आणि १५ ऑगस्टला जोडून आलेले शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. मुलं रांगेत शिस्तीने असतात, पण दोनशे मुलांची एक शाळा तुमच्या पुढे लागली तर तासभर गेलाच.

१८ एप्रिलला, म्हणजे जागतिक वारसा दिनी, आणि १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताह सुरू होतो त्या दिवशी, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेश मोफत ठेवतात. चाळीस रुपये वाचवण्यासाठी अजिंठ्याला त्या दिवशी जाऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. मोकळ्या मैदानातला किल्ला असेल तर वेगळी गोष्ट. इथे दार एक आणि आत माणसं मोजून.

एसटीने यायचं तर कुठे उतरायचं?

संभाजीनगर–जळगाव रस्त्यावर, टी-पॉइंटला. कंडक्टरला "अजिंठा" एवढंच सांगू नका, "अजिंठा लेणी, टी-पॉइंट" असं सांगा. अजिंठा नावाचं गाव वेगळं आहे. संभाजीनगरहून येताना ते आधी, घाटाच्या वर लागतं आणि लेणी घाट उतरल्यावर येतात. नुसतं "अजिंठा" म्हटल्यामुळे गावात उतरून मग दुसरं वाहन शोधणारे लोक मला दोनदा भेटले आहेत.

स्वतःची गाडी लेण्यांपर्यंत जाते का?

नाही. धुराचा त्रास चित्रांना होऊ नये म्हणून खासगी गाड्या टी-पॉइंटलाच थांबवतात. तिथे वाहनतळ आहे. तिथून पायथा साधारण ४ किलोमीटर, तेवढं अंतर बसने जायचं. बसमध्ये वातानुकूलित आणि साधी असे दोन प्रकार असतात आणि भाडं वेगळं. रांगेत उभे असताना जी आधी येईल तिच्यात बसा. पाच-दहा मिनिटांचा तर प्रवास आहे, थंड हवेसाठी थांबण्यात अर्थ नाही. टी-पॉइंटवरच्या दुकानांत स्फटिक आणि दगडी मूर्ती विकणारे मागे लागतात. खरेदी करायची असेल तर परतताना करा आणि तसं एकदा स्पष्ट सांगून पुढे निघा, ते सोडून देतात.

तिकिटं एकूण किती आणि कुठली?

लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण पैसे तीन ठिकाणी द्यावे लागतात. टी-पॉइंटला तिथल्या सोयींचं लहानसं शुल्क आणि गाडी लावण्याचे पैसे. मग बसचं भाडं. आणि वर, पायथ्याशी, लेण्यांचं खरं प्रवेश तिकीट. बरेच जण खालची पावती दाखवून वरच्या दारात वाद घालतात, "तिकीट काढलंय की" म्हणून. ती पावती वेगळी.

प्रवेश तिकीट मी गेले तेव्हा भारतीयांना ४० रुपये होतं, ऑनलाइन काढलं तर ५ रुपये कमी, आणि परदेशी नागरिकांना ६००. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांइतकंच. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. व्हिडिओ कॅमेऱ्याचं वेगळं, साध्या फोटोंचं काही नाही. निघण्याआधी दर एकदा पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या, आणि तिकीटही शक्यतो घरूनच काढा. खिडकीवर कोड स्कॅन करून तिकीट काढता येतं, पण दरीत मोबाइलला रेंज धड मिळत नाही. आमच्या पुढच्या कुटुंबाचे पैसे खात्यातून गेले आणि तिकीट काही येईना. मागे रांग आणि ते बिचारे फोन हवेत धरून फिरत होते. घरून काढलेल्या तिकिटाचा फोटो फोनमध्ये साठवून ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी दाखवता येतो. आणि दोनेकशे रुपये सुटे खिशात असू द्या.

वेरूळचं तिकीट वेगळं. अजिंठ्याच्या तिकिटावर तिथे सोडत नाहीत.

आम्ही अमेरिकेत राहतो. परदेशी दराचं तिकीट काढावं लागेल का?

तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्नच नाही, भारतीय दर. परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असेल तरीही भारतीय दरच लागतो. राष्ट्रीय स्मारकांच्या प्रवेश शुल्कात ओसीआय धारकांना भारतीयांच्या बरोबरीने धरलं आहे. मात्र कार्ड मूळ, हातात हवं. माझ्या चुलत बहिणीने कार्ड घरी ठेवलं होतं. मराठीत कितीही बोलली तरी खिडकीवरच्या माणसाला पुरावा लागतो, आणि ते बरोबरच आहे. परदेशी पाहुणे सोबत असतील तर त्यांना ६०० लागतील हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी त्यांना अवघडल्यासारखं होत नाही.

स्वच्छतागृहं आहेत का? कशी आहेत?

टी-पॉइंटला आहेत आणि पायथ्याशी आहेत. वर लेण्यांच्या ओळीत काही नाही असं धरूनच चढा. म्हणजे एकदा वर गेलात की तीन-चार तासांचा हिशेब करावा लागतो. लहान मुलं, मधुमेह असलेले, गरोदर बायका यांच्यासाठी हा मुद्दा रांगेपेक्षा मोठा आहे.

अवस्था वेळेवर ठरते. सकाळी साडेआठला टी-पॉइंटची स्वच्छतागृहं धुतलेली होती, नळाला पाणी होतं. त्याच दिवशी दुपारी परतताना पायथ्याशी फरशी ओली, कचऱ्याची टोपली भरून वाहत होती, आणि बायकांच्या बाजूला रांग दारापर्यंत. साबण दोन्ही वेळा नव्हता. बारा ते चार या वेळात माणसं सगळ्यात जास्त असतात आणि तेव्हाच सफाईची फेरी हवी, ती कमी पडते. माझा सल्ला एवढाच की टी-पॉइंटवर सकाळीच जाऊन घ्या, आणि कागदी साबण पिशवीत ठेवा.

बाकी स्वच्छता कशी आहे?

लेण्यांची वाट आणि आतला भाग खरंच स्वच्छ आहे. आत खाण्याचं काही नेऊ देत नाहीत, त्याचा फायदा दिसतो. कचरा दिसतो तो वाटेच्या कठड्यापलीकडे, उतारावर, जिथे झाडूवाला पोहोचू शकत नाही. पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. आणि पावसाळ्यात नदीकाठी जास्त.

भिंतींवर नावं कोरणाऱ्यांबद्दल लोक विचारतात. जुनी कोरलेली नावं आहेत, नवीन फारशी दिसत नाहीत, कारण आता चित्रांपुढे कठडे आणि पहारा आहे. सगळ्यात प्रसिद्ध सही १० व्या लेण्यात आहे: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि त्याने खांबावर, चित्रावरच, नाव कोरलं. ती सही आज डोक्याच्या वर दिसते, कारण तो आला तेव्हा लेणं दगडमातीने तेवढं भरलेलं होतं.

जेवण आणि पाण्याचं काय?

पायथ्याशी उपाहारगृह आहे. साधं जेवण मिळतं, पण दीड ते अडीचमध्ये बसायला जागा मिळत नाही. नाश्ता भरपेट करून चढा, अडीच-तीनला खाली या. पाणी माणशी एक लिटर सोबत न्या, उन्हाळ्यात दोन. काळ्या बसाल्टचा कडा तापला की संध्याकाळपर्यंत उष्णता सोडत राहतो.

आईवडिलांचे गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल, पण दोन गोष्टी समजून घ्या. पायथ्यापासून एक नंबरपर्यंतचा चढ हा सगळ्यात खडा भाग आहे. तो पार केला की पुढची वाट बऱ्यापैकी सपाट, मधे मधे पायऱ्या. चढासाठी डोली मिळते: खुर्चीला बांबू बांधलेले आणि चार माणसं उचलणारी. दर कुठपर्यंत जायचं यावर ठरतो, म्हणून बसण्याआधीच "१ पर्यंत की २६ पर्यंत, थांबून परत आणणार का" हे बोलून घ्या.

आई आधी डोलीत बसायला तयार नव्हती. माणसांनी आपल्याला उचलून न्यायचं हे तिला पटत नव्हतं. त्या चौघांतले एक वयस्कर काका तिला म्हणाले, "आजी, तुम्ही नाही बसलात तर आमची आजची फेरी गेली." मग ती बसली. वर गेल्यावर तिने त्यांच्यासोबत अर्धा तास गप्पा मारल्या. आम्ही येता-जाताची फेरी ठरवली होती, ती १७ पर्यंत, आणि तेवढं तिला पुरलं.

दुसरी गोष्ट चपलांची. चित्रांच्या लेण्यांत जाताना प्रत्येक वेळी चपला बाहेर काढाव्या लागतात. नाडीचे बूट घालून आलेले लोक दर दारात वाकतात. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी सरळ पायात सरकवता येणाऱ्या चपला घालाव्यात आणि जाड मोजे सोबत ठेवावेत. एप्रिल-मेमध्ये दुपारी दारातला दगड अक्षरशः चटका देतो. पावसाळ्यात मात्र मोजे ओले होतात आणि घसरतात, तेव्हा अनवाणीच बरं. चाकाची खुर्ची घेऊन सगळी लेणी बघणं इथे शक्य नाही, हे स्पष्टच सांगते. उंबरे आणि पायऱ्या ठिकठिकाणी आहेत.

आत काहीच दिसत नाही, चित्रं काळपट वाटतात. पैसे वाया गेल्यासारखं होतं का?

बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं खरंच काही दिसत नाही. आतले दिवे मुद्दाम मंद ठेवलेले आहेत, कारण उजेडाने रंग विटतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि त्या काळात तुम्ही फोनची स्क्रीन पाहिलीत की सवय मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आत शिरल्यावर लगेच भिंतीकडे धावू नका. मधल्या मंडपात उभे राहा, जमिनीकडे बघा, शंभर आकडे मोजा. मग मागच्या भिंतीकडे जा. एक नंबरच्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडे पद्मपाणी बोधिसत्त्व, हातात निळं कमळ, मान किंचित झुकलेली. उजवीकडे वज्रपाणी. डोळे तयार झाल्यावर पद्मपाणीच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळेतला एक एक मोती वेगळा दिसतो. रांगेत पाऊण तास उभं राहून आत दोन मिनिटांत फोटो काढून बाहेर पडणारे लोक हे बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

काळपटपणाचं एक कारण जुन्या दुरुस्तीत आहे. १९२० ते २२ च्या सुमारास निजामाच्या सरकारने इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी सुटणारे पोपडे चिकटवले, बरीच चित्रं त्यामुळेच वाचली. पण वरून लाखेचं रोगण दिलं, आणि ते काळानुसार पिवळं-तपकिरी पडलं, त्यावर धूळ बसली. पुढे ते काढायचं अवघड काम पुरातत्त्व खात्याने हाती घेतलं.

फ्लॅश पूर्ण बंद आहे. मोबाइलचा टॉर्चही लावू नका, पहारेकरी ओरडण्याआधीच. फोटो साधे, फ्लॅशशिवाय काढता येतात.

गाईड घ्यावा का?

१७ नंबरसाठी हो. तिथल्या भिंतींवर गोष्टीच गोष्टी आहेत, विश्वंतर जातकापासून सिंहलाच्या कथेपर्यंत, आणि एका गोष्टीचे प्रसंग सरळ ओळीत नाहीत. सांगणारा नसेल तर नुसते चेहरे दिसतात. सरकारी परवान्याचं ओळखपत्र बघा आणि पैसे आधी ठरवा. दोन कुटुंबांनी मिळून एक गाईड घेतला तरी चालतं. मात्र गर्दीच्या वेळी आत मोठ्याने समजावू देत नाहीत. चांगला गाईड बाहेरच्या ओसरीवर सगळं सांगतो आणि मग आत नेतो. तसा मिळाला तर सोडू नका.

पावसाळ्यात जावं का?

दृश्य पावसाळ्यातच सगळ्यात देखणं असतं. कडा हिरवा होतो, सातकुंडाचा धबधबा वाहतो. पण त्यासाठी रविवारी जी गर्दी येते ती धबधब्याची, आणि तिची झळ बसच्या रांगेला बसते. आत दमटपणा जास्त, वाट निसरडी. व्ह्यू पॉइंटची चढण पावसात वृद्धांनी आणि लहान मुलांनी करू नये. कड्यावर आग्या मोहोळं असतात, तेव्हा उग्र अत्तर लावून जाऊ नका आणि मधमाश्या उठल्या तर धावपळ न करता पहारेकरी सांगतील तसं जवळच्या लेण्यात शिरा.

परतल्यावर अभिप्राय लिहायचा आहे. काय लिहिलं तर दुसऱ्याला उपयोग होईल?

"खूप गर्दी, नियोजन शून्य" एवढ्याने कोणाला काही कळत नाही. वार आणि तारीख लिहा, आणि चार वेळा नोंदवा: टी-पॉइंटला किती वाजता आलात, बसमध्ये किती वाजता बसलात, तिकीट हातात किती वाजता पडलं, एक नंबरच्या आत किती वाजता गेलात. या चार आकड्यांवरून रांग बसची होती, तिकिटाची होती की लेण्याची, हे लगेच कळतं. आमच्या पहिल्या भेटीत मला वाटत होतं की एक नंबरच्या दारात वेळ गेला. नंतर फोनमधल्या फोटोंच्या वेळा लावून पाहिलं तर बस आणि तिकीट मिळून त्याहून जास्त वेळ गेला होता, आणि तो घरून तिकीट काढून व लवकर पोहोचून वाचवता आला असता.

स्वच्छतागृहाबद्दल लिहिताना कुठलं आणि किती वाजता, हे जरूर लिहा. तारे देताना लेण्यांना आणि सोयींना वेगळं मोजा. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्राला नळाला पाणी नव्हतं म्हणून दोन तारे दिलेले मी वाचले आहेत. नळाची तक्रार अगदी खरी असते, पण अशी लिहिली तर ती ज्याने वाचायला हवी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पायथ्याशी तक्रारवही मागा. आम्ही साबणाबद्दल तीत लिहून आलो आहोत.

परतीच्या बसलाही रांग असते का?

असते, आणि तिची कोणी आधी कल्पना देत नाही. लेणी बंद व्हायच्या वेळी सगळे एकदम खाली उतरतात. बस तितक्याच, माणसं चौपट. एसटीने पुढे जळगावला किंवा संभाजीनगरला जाणाऱ्यांनी साडेचारच्या आत पायथा सोडावा. १, २ शेवटी ठेवली असतील तर घरातल्या एकाने पुढे जाऊन रांगेत उभं राहावं आणि बाकीच्यांनी मागून यावं असा विचार मनात येतो, पण तसं करू नका. मागच्यांशी भांडण होतं आणि दरीत फोन लागत नाही म्हणून चुकामूकही होते. आम्ही पावणेचारला खाली आलो, चहा घेतला, आणि सव्वाचारच्या बसमध्ये आईला खिडकीची जागा मिळाली.